तीन लिटर दुधाची लच्छेदार रबडी: साय धरायची, पण दूध लागू द्यायचं नाही

रबडी करताना दोन कामं एकमेकांच्या विरुद्ध जातात. साय धरायची तर दूध शांत असावं लागतं. दूध बुडाला लागू नये असं वाटत असेल तर ते सतत हलवावं लागतं. बासुंदीत ही अडचणच नाही, कारण तिथं साय वेगळी धरायची नसते. ढवळत राहायचं, आलेली साय पुन्हा दुधात मोडायची, संपलं. रबडीत मात्र हलवलं तर थर मोडतात आणि नाही हलवलं तर करपतं. बहुतेकांची रबडी इथंच बिघडते, म्हणून हा लेख मुख्यतः रबडीचा आहे. बासुंदीचं वळण जिथं येतं तिथं सांगेनच.

दुधापासून सुरुवात करते. आमच्याकडं सोलापुरात अजून घरोघर म्हशीचं दूध येतं, आणि पंढरपुरी म्हैस तर याच जिल्ह्याची. तलवारीसारखी लांब शिंगं, अंगानं बेताची, पण दूध घट्ट. अशा दुधात फॅट सातच्या आसपास असतं आणि पाणी सोडून बाकीचा सगळा ऐवज मिळून शंभराला सोळा भाग भरतो. म्हणजे तीन लिटर दुधात साधारण अर्धा किलो घट्ट माल आणि बाकी पाणी. आपल्याला त्यातलं दोन लिटर पाणी उडवायचं आहे, एवढंच. पिशवीचं दूध घेणार असाल तर फुल क्रीम घ्या, त्यात फॅट सहा असतं. फक्त पिशवीवर ‘होमोजिनाइज्ड’ लिहिलेलं नाही ना, ते बघा. त्या दुधात स्निग्धांशाचे कण इतके बारीक केलेले असतात की ते वर तरंगून येत नाहीत. साय धरते, पण कागदासारखी पातळ, आणि तोंडात लोण्याचा मऊपणा लागत नाही. बासुंदीला ते चालेल.

दूध ताजं हवं, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात हे मी जरा दरडावून सांगते. सकाळी सहाला आलेलं दूध ओट्यावर दहापर्यंत राहिलं तर चहाला नासणार नाही, पण रबडीला नासू शकतं. कारण सोपं आहे. पाणी कमी होत जातं तसा दुधातला आंबटपणाही दाट होत जातो. जो आंबटपणा तीन लिटरमध्ये कळत नव्हता तो एका लिटरमध्ये दूध फाडायला पुरतो. काल रात्रीचं उरलेलं दूध आजच्या दुधात मिसळणं ही याच जातीची चूक. शंका असेल तर वाटीभर दूध छोट्या पातेल्यात आधी उकळून, दहा मिनिटं आटवून बघावं. कण दिसले तर त्या दुधाचं पनीर करा, रबडीच्या वाटेला जाऊ नका. काहीजण चिमूटभर खायचा सोडा टाकून दूध सावरतात. मी टाकत नाही. सोड्यानं दूध लवकर तांबूस होतं आणि चवीला साबणाची छटा येते, ती वेलदोड्यानं झाकत नाही.

आता कढई. तीन लिटर दुधाला पाच-सहा लिटरची, तोंडाला ऐसपैस आणि बुडाला जाड कढई हवी. पसरट तोंडाचे दोन फायदे: पाणी लवकर उडतं आणि साय मोठ्या पृष्ठभागावर धरते. जाड हिंडालियमची किंवा कल्हई केलेली पितळी कढई उत्तम. लोखंडी घेतली तर वर्षानुवर्षं वापरलेली घ्या, नव्या लोखंडानं दूध काळपट होतं. पातळ स्टीलचं पातेलं मात्र नको. स्टीलमध्ये उष्णता नीट पसरत नाही, ज्योत जिथं लागते तेवढाच गोल तापतो, आणि तिथंच दूध चिकटतं. दुसरं काही नसेल तर खाली जाड तवा ठेवून त्यावर पातेलं ठेवा. वेळ जास्त लागेल, पण बूड वाचेल.

हलवायला लाकडी कालथा घ्या, ज्याची कड कढईच्या गोलाईला बसते असा. सरळ धारेचं स्टीलचं उलथनं गोल बुडाला फक्त कोपऱ्यानं टेकतं. आपल्याला वाटतं आपण ढवळतोय, पण बूड तसंच राहिलेलं असतं.

किती आटलं हे ओळखायला आधी पाण्यानं माप घेऊन ठेवा. लोक म्हणतात, ‘निम्म्यावर आलं’, आणि डोळ्यांनी उंची बघतात. कढई गोल असते हे विसरलं जातं. अर्धगोल कढईत उंची निम्म्यावर आली की आतलं दूध तिसऱ्या हिश्श्याहूनही थोडं कमी उरलेलं असतं. म्हणून रिकाम्या कढईत आधी पाऊण लिटर पाणी ओता, लाकडी कालथा मधोमध उभा धरा आणि पाण्याच्या रेघेवर पेन्सिलीनं खूण करा. मग पाणी दीड लिटर करून दुसरी खूण करा. वरची खूण बासुंदीची, खालची रबडीची. पाऊण लिटर म्हणजे चौथा हिस्सा, पण तो नुसत्या पातळ दुधाचा. बाजूला जमवलेली साय धरली तर एकूण तिसरा हिस्सा होतो. ‘रबडी चौथ्या हिश्श्यावर आणा’ असं ऐकून जे सायीसकट चौथा हिस्सा करतात, त्यांच्या हातात जवळजवळ खवा येतो.

माप झालं की पाणी ओतून द्या, पण कढई पुसू नका. ओल्या कढईत दूध ओतायची जुनी रीत आहे. ती एवढ्यासाठी, की कोरड्या तापल्या धातूला दुधाचा थेंब लागला तर तो तिथंच चिकटतो. त्यामुळं कढई थंड आणि ओलीच असू द्या. दूध ओता आणि मगच गॅस लावा.

पहिली उकळी मध्यम आचेवर, न थांबता ढवळत आणा. दूध तापताना त्यातली काही प्रथिनं उलगडतात आणि तापलेल्या बुडावर त्यांचा पातळ थर बसायला लागतो. तो थर हलवून बाजूला केला नाही तर त्यावर दुसरा बसतो, मग तिसरा. दूध लागतं म्हणजे हेच होतं. आधी चिकटतं, मग त्या थराखाली उष्णता अडकून तो तपकिरी होतो, आणि शेवटी करपतो. मधल्या पायरीवर लक्ष गेलं तर शेवटची येत नाही.

उकळी आली की शेगडी बदला. दूध लहान बर्नरवर घ्या आणि ज्योत इतकी कमी करा की ती बुडाच्या आतच राहील, बाजूंवर चढणार नाही. साय आपण कढईच्या बाजूलाच लावणार आहोत, आणि ज्योत तिथं पोहोचली तर दूध नीट असूनही साय करपेल. करपलेली रबडी खाऊन लोक बुडाला दोष देतात, पण अनेकदा दोष काठाचा असतो.

आता दुधानं उकळायचं नाही, थरथरायचं. कडेला बारीक बुडबुडे, मधला भाग शांत, वर वाफ. अशा वेळी वरचं पाणी उडतं, वरच्या थरातलं प्रथिन दाट होऊन जाळीसारखं विणलं जातं आणि त्यात लोण्याचे कण अडकतात. ती साय. दूध खदखदलं की ती जाळी फाटते. वरून वारा मिळाला तर साय लवकर धरते, म्हणून हलवाई पंख्यानं वारा घालत बसलेले दिसतात. घरी जुना विंझणा किंवा पुठ्ठा पुरतो. छताचा पंखा लावला तर ज्योत फडफडते, तो बंदच ठेवा.

सुरुवातीला सांगितलेला पेच सुटतो तो इथं, आणि सुटतो तो क्रमानं. माझ्या शेजारच्या काकूंच्या घरी कानडी बोलतात, पण मला शिकवताना त्या मराठीतच रागावायच्या. ‘दूध एकदाच काय ते गप बसवायचं आणि एकदाच काय ते हलवायचं गं, दोन्ही एका वेळी कशाला करतीस?’ त्यांची फेरी अशी. चार-पाच मिनिटं दुधाला हात लावायचा नाही. वर सुरकुतलेली साय दिसली की कालथ्याच्या कडेनं, आपल्यापासून लांबच्या बाजूनं, ती हलकेच गोळा करत न्यायची आणि दुधाच्या पातळीच्या जरा वर कढईच्या भिंतीला चिकटवायची. आता दुधाचं तोंड उघडं आहे, मोडायला साय नाही. याच क्षणी कालथा बुडाला टेकवून पूर्ण बूड एकदा नीट फिरवून घ्यायचं. आधी कडेचा गोल, मग मधला भाग. आठ-दहा फेरे, फार तर अर्धा मिनिट. मग पुन्हा हात काढायचा. शांत, साय, बूड, पुन्हा शांत. एवढंच.

साय एकाच बाजूला लावत जा, सगळ्या काठावर नको. एका बाजूला असली की तिच्यावर नजर राहते आणि कढई जरा सरकवून ती बाजू ज्योतीपासून दूर ठेवता येते. दर तीन फेऱ्यांनी पळीभर गरम दूध त्या थरांवर सोडा, म्हणजे ते वाळत नाहीत. वाळलेली साय आधी पिवळी, मग तपकिरी होते आणि दुधात परतली तरी चिवट राहते, भिजवलेल्या पुठ्ठ्यासारखी. काठावर पातळ सुकलेले शिंतोडे दिसले तर तेही दुधानं ओले करून लगेच सोडवून घ्या.

गेल्या दसऱ्याला मी केली त्याचा हिशोब देते. दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी कढई चढवली, साडेतीनला उकळी. पहिले तीन थर अगदी झिरझिरीत होते आणि हातात तुटत होते. नवख्या माणसाला इथं वाटतं की दूधच वाईट. तसं नसतं, दूध अजून पातळ असतं. सव्वाचारच्या सुमारास दूध निम्म्याजवळ आलं आणि थर रुमालासारखे उचलता यायला लागले. खरी साय त्यापुढच्या पाऊण तासात धरली. पाच वाजेपर्यंत अठरा थर झाले होते आणि दूध खालच्या खुणेच्या बोटभर वर होतं. शेवटचं बोटभर दूध आटायला वीस मिनिटं लागली, आणि त्या वीस मिनिटांत मी फोन उचलला नाही.

तो न उचलण्यामागं आदल्या वर्षीची गोष्ट आहे. पाच लिटर दूध, पाहुणे यायचे होते, सगळं छान चाललं होतं. दूध तिसऱ्या हिश्श्याच्या खाली आल्यावर मला वाटलं आता काम संपलंच. बहिणीचा फोन आला. सात-आठ मिनिटं बोलले असेन. दूध पातळ असतं तेव्हा तापलेलं दूध वर येतं, वरचं खाली जातं, बूड आपोआप थोडं थंड होत राहतं. दाट झालं की ही ये-जा मंदावते आणि तळाचं दूध तळाशीच तापत राहतं. म्हणजे पहिल्या तासात पाच मिनिटांचं दुर्लक्ष खपतं, शेवटच्या वीस मिनिटांत दोन मिनिटांचंही खपत नाही. शेवटच्या टप्प्यात शांत ठेवायचा वेळ चारवरून दीड-दोन मिनिटांवर आणा, आच आणखी उतरवा, आणि साय पुरेशी झाली असेल तर सरळ ढवळतच राहा.

दूध लागतंय हे नाकाआधी हाताला कळतं. कालथा बुडावरून गुळगुळीत सरकायचा तो एखाद्या जागी अडकतो, खरखरतो. ही पहिली खूण. या वेळी गॅस बंद करून दोन मिनिटं थांबलात, त्या जागेवर हलक्या हातानं कालथा फिरवलात, तर चिकटलेलं सुटतं आणि काही बिघडत नाही. दुसरी खूण म्हणजे वर येणारे तपकिरी कण. हे दिसले की कालथा बुडाला लावायचाच नाही. गॅस बंद करा आणि वरचं दूध सावकाश दुसऱ्या भांड्यात ओता. तळाचं वाटीभर कढईतच सोडा, त्याचा मोह नको. माझी चूक ती होती. वास आल्यावर घाबरून मी बूड खरवडलं, आणि जो करपटपणा बुडापुरता होता तो पाच लिटरच्या रबडीत मिसळला. ओतलेल्या दुधाचा चमचा फुंकून चाखा. खव्याचा खमंग वास आणि फिकट बदामी रंग असेल तर ते दूध चांगलंच आहे, तसं व्हायलाच हवं. जिभेच्या मागं कडवट धूर राहत असेल तर केशर, जायफळ, जास्त साखर, कशानंही तो जात नाही. मी सगळं घालून पाहिलंय.

बुडात बशी टाकायची युक्ती बऱ्याच घरांत आहे. चिनी मातीची छोटी बशी दुधात सोडली की ती बुडबुड्यांनी खडखडत राहते आणि त्या जागेचं दूध हलतं राहतं. बासुंदीला ती उपयोगी. रबडीत आपण दूध खदखदू देत नाही, त्यामुळं बशी नुसती बसून राहते आणि कालथ्याच्या आड येते.

साखर सगळ्यात शेवटी. तीन लिटर दुधाला दीडशे ग्रॅम मला पुरते, गोड खाणारं घर असेल तर एकशेऐंशी. आधी घातली तर दाट गोड दूध बुडाला जास्त ओढ घेतं आणि रंग लवकर चढतो. शिवाय दूध आटत जाईल तसा गोडवा वाढतो, अंदाज राहत नाही. दूध खालच्या खुणेला टेकलं की साखर घाला. रबडी एकदम पातळ झालेली दिसेल. घाबरून पुन्हा आटवत बसू नका. साखर विरघळून पातळ होते ती. पाच-सात मिनिटं मंद आचेवर ढवळत ठेवा आणि हव्या त्या दाटपणापेक्षा थोडी सैल असतानाच गॅस बंद करा. गार झाल्यावर ती एक पायरी घट्ट होतेच.

गॅस बंद केल्यावर काठाची साय सोडवा. ती चिकटली असेल तर त्यावर गरम रबडी ओतून दोन मिनिटं थांबा, मग ती सोलल्यासारखी निघते. कालथ्यानं तिचे दोन-तीन बोटं रुंद तुकडे करा आणि दुधात अलगद दुमडून घ्या. इथं ढवळू नका, नाहीतर दोन तासांचे लच्छे दोन मिनिटांत चुरा होतात. वेलदोड्याची पूड आणि किसलेलं जायफळ आता घाला. जायफळ चिमटीभरच. चारोळी हवी तर तीही आताच. माझ्या वरच्या हिशोबातून साधारण सव्वा किलोच्या जरा आत रबडी झाली, आठ जणांना भरपूर.

बासुंदी करायची असेल तर हीच कढई, हीच ओली सुरुवात, पण आच थोडी मोठी आणि हात थांबवायचा नाही. काठाची साय दर मिनिटाला खरवडून दुधातच मिसळत जा. वरच्या खुणेच्या किंचित खाली आली की साखर, पाच मिनिटं, बंद. तासाभराचं काम. पुरी बुडवून खायची असते, त्यामुळं ती चमच्यावरून सलग धारेनं पडायला हवी. बार्शीकडचं सीताफळ मिळालं तर गर पूर्ण गार झालेल्या बासुंदीतच घाला, गरम बासुंदीत तो घातला तर चव उतरते. संत्रं, अननस असली आंबट फळं दुधाच्या या प्रकारात मी घालत नाही, दूध फुटायचा धोका असतो.

कॉर्नफ्लोअर, ब्रेडचा चुरा, डब्यातलं कंडेन्स्ड मिल्क यांनी दाटपणा येतो, आणि घाईत मीही डबा फोडला आहे. पण पिठाचा दाटपणा टाळूला चिकटतो, आणि डब्यात साय नसते.

रबडी गार करताना भांडं पाण्याच्या परातीत ठेवा. उन्हाळ्यात ती ओट्यावर तासन्‌तास राहू देऊ नका, कोमट झाली की फ्रीजमध्ये. दोन दिवसांत संपवा. जास्त आटवलेली रबडी फार दिवस फ्रीजमध्ये राहिली तर जिभेवर बारीक वाळूसारखी लागते. ती करपलेली नसते, दुधातलीच साखर खडे धरते. दुसऱ्या दिवशी फार घट्ट वाटली तर दोन-तीन चमचे गरम दूध घालून हलक्या हातानं सैल करावी.

आणि कढईला चिकटून राहिलेली खरवड. ती सोनेरी असेल तर वाटीभर दूध घालून मंद आचेवर सोडवा, चमचाभर साखर टाका आणि घरातल्या लहानांना द्या. आमच्याकडं त्यावरून अजून भांडणं होतात. काळी असेल तर कढईत पाणी घालून रात्रभर भिजत ठेवा.